ताप उतरला म्हणजे सुटलो? डेंग्यूच्या पेशंटला घरी सोडताना दाखवायच्या व्हिडिओत नेमकं काय असावं

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये एकच चित्र दिसतं. तीन-चार कॉट, प्रत्येक कॉटशेजारी सलाईनचा स्टँड, आणि बाहेर बाकावर नातेवाईकांची एकच चर्चा, ‘पेशी किती आल्या?’

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात डेंग्यूचे सुमारे २ लाख ८९ हजार रुग्ण सापडले. यातल्या बहुतेकांना मोठ्या हॉस्पिटलची गरज पडत नाही. गोळी, पाणी, आराम आणि रोजची रक्ततपासणी यावर माणूस बरा होतो. म्हणूनच डॉक्टर अनेकांना सलाईन संपलं की घरी पाठवतात, आणि त्यात चूकही काही नसते.

खरी अडचण घरी गेल्यावर सुरू होते. डॉक्टर पाच मिनिटांत दहा सूचना सांगतात, पेशंट गुंगीत असतो, बायको रिक्षा शोधत असते. हातात एक कागद पडतो आणि तो औषधांच्या पिशवीत जातो. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी आता डिस्चार्जच्या वेळी मोबाईलवर किंवा भिंतीवरच्या टीव्हीवर छोटा व्हिडिओ दाखवायला लागलेत. कल्पना चांगली आहे. पण असे बरेच व्हिडिओ डासाच्या ॲनिमेशनने सुरू होतात आणि ‘परिसर स्वच्छ ठेवा’ म्हणून संपतात. ज्याला डेंग्यू होऊन चार दिवस झालेत, त्याला डास कसा चावतो हे दाखवून उपयोग काय?

त्याला वेगळंच काहीतरी सांगायला हवं.

डेंग्यूचा धोका उलट्या दिशेने येतो

एक उदाहरण घेऊ. समजा, ३२ वर्षांचा टेम्पो ड्रायव्हर आहे. सोमवारी रात्री अंगात ताप भरला. बुधवारी रक्त तपासलं, डेंग्यू पॉझिटिव्ह आला. गुरुवारी क्लिनिकमध्ये सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. शुक्रवारी सकाळी ताप उतरला. घरच्यांनी देवापुढे दिवा लावला.

शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन बाहेर पडला. दुपारी पोटात दुखायला लागलं, तीन उलट्या झाल्या. बायको म्हणाली, उपाशीपोटी गोळ्या घेतल्या, पित्त झालं असेल. रात्री त्याचे हातपाय गार पडले. घरच्यांना वाटलं, ताप गेलाय म्हणून अंग गार लागतंय. लघवी शेवटची कधी झाली हे कुणी विचारलंच नाही. पहाटे तो उठून बसला आणि चक्कर येऊन पडला.

या सगळ्यात घरच्यांनी निष्काळजीपणा केला असं म्हणता येत नाही. आपल्याला लहानपणापासून एक गोष्ट माहीत असते, ताप वाढला की धोका आणि ताप उतरला की बरं. सर्दीला हे लागू पडतं, फ्लूला पडतं. डेंग्यूला पडत नाही.

डेंग्यूत ताप सुरू झाल्यापासून साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि काही पेशंटच्या बाबतीत नेमका त्याच वेळी धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपून पोटात, छातीत साचायला लागतं. नळीतलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि शरीराच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, पोट दुखतं. हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. त्यात योग्य प्रमाणात सलाईन मिळालं तर माणूस सावरतो. नाही मिळालं तर शॉकमध्ये जातो.

आणखी फसवी गोष्ट म्हणजे हे होत असताना पेशंट बऱ्याचदा शुद्धीवर असतो, व्यवस्थित बोलत असतो. ‘मला काही नाही झालं’ असंही म्हणतो. त्यामुळे पेशंटला विचारून अंदाज येत नाही. हात लावून, लघवी मोजून, उलट्या मोजून येतो.

तर व्हिडिओला एकच वाक्य पोहोचवायचं आहे: ताप उतरल्यावरचे दोन दिवस सगळ्यात जास्त जपायचे. बाकीचं सगळं या वाक्याच्या आधाराला. आणि हे वाक्य ऐकणाऱ्याच्या अनुभवाच्या विरोधात जाणारं असल्यामुळे ते एकदा सांगून बसत नाही.

कागदावरचं मराठी कुणाला कळतं?

हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत एक अट आहे. डिस्चार्जच्या कागदावर तातडीची मदत कधी आणि कशी घ्यायची हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि तेही पेशंटला समजेल असं. पण छोट्या क्लिनिकचा या मानांकनाशी सहसा संबंध येत नाही. आणि जिथे कागद दिला जातो, तिथे साधारण अशा धर्तीचं वाक्य असतं:

‘रक्तस्राव, तीव्र उदरशूल, सततची वांती अथवा ग्लानी आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’

यात वैद्यकीय चूक एकही नाही. पण ‘उदरशूल’ कुणाच्या घरात बोलतात? ‘तीव्र’ म्हणजे किती? ‘सततची’ म्हणजे दोन उलट्या की दहा? ‘त्वरित’ म्हणजे आत्ता की उद्या सकाळी ओपीडी उघडल्यावर? आणि रक्तस्राव म्हटलं की माणूस भळाभळा रक्त शोधतो. सकाळी दात घासताना ब्रशला लागलेलं रक्त तो मोजतच नाही.

हेच वाक्य व्हिडिओच्या आवाजात असं होऊ शकतं:

‘पोटात दुखायला लागलं आणि थांबत नाही, तर निघा. दिवसात तीन उलट्या झाल्या, तर निघा. दात घासताना, नाकातून रक्त आलं, तर निघा. संडास डांबरासारखी काळी झाली, तर निघा. पेशंट नेहमीसारखा बोलत नाही, सारखा झोपतोय, तर निघा.’

‘निघा’ हा शब्द मुद्दाम पाच वेळा आलाय. लिहिताना तो खटकतो, संपादक लगेच लाल रेघ मारेल. पण ऐकताना तोच लक्षात राहतो. आणि ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ यापेक्षा तो स्पष्ट आहे, कारण सल्ला फोनवरही घेता येतो आणि उद्याही घेता येतो.

तीन उलट्यांचा आकडा कुठून आला, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘सतत उलट्या’ एवढंच असतं. आकडा ठरवणं हे क्लिनिकच्या डॉक्टरचं काम. पण कुठलातरी आकडा पाहिजेच, कारण रात्री अकरा वाजता घरात जो वाद होतो तो ‘जायचं की थांबायचं’ असाच होतो, आणि आकडा असला की तो वाद मिटतो.

प्रत्यक्ष स्क्रिप्ट

असा व्हिडिओ अडीच-तीन मिनिटांचा पुरतो. त्याची स्क्रिप्ट साधारण अशी असेल. बोलणारी व्यक्ती क्लिनिकमधलीच सिस्टर असली तर उत्तम, कारण घरच्यांनी तिला चार तास पाहिलेलं असतं. ती पेशंटशी बोलत नाही. त्याची काळजी घेणाऱ्या बाईशी, माणसाशी बोलते.

दृश्य १. सिस्टर समोर उभी. मागे फक्त भिंत. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: ‘डेंग्यू झालेल्या आणि घरी सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी’.

आवाज: ‘तुमच्या पेशंटला डेंग्यू आहे. आज घरी सोडतोय. पण आजार अजून संपलेला नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. ताप उतरल्यावरचे दोन दिवस सगळ्यात जास्त जपायचे.’

दृश्य २. थर्मामीटर. आकडा खाली येतो. घरातली बाई हसते. चित्र तिथेच थांबतं. स्क्रीनवर पिवळी पट्टी: ‘इथून दोन दिवस लक्ष ठेवा’.

आवाज: ‘ताप उतरला. बरं वाटलं. पण कामावर पाठवू नका. गाडी चालवू देऊ नका. ताप उतरला त्या वेळेपासून पुढचे दोन दिवस पेशंटजवळ कुणीतरी पाहिजे. रात्रीसुद्धा.’

दृश्य ३. घड्याळ, आणि शेजारी भिंतीला लावलेला वहीचा कागद. त्यावर दोन रकाने: ‘काय प्यायला’ आणि ‘लघवी कधी झाली’. एक हात पेनाने वेळ लिहितो.

आवाज: ‘दर वेळी लघवी झाली की वेळ लिहा. सहा तास लघवी झाली नाही, तर निघा.’

दृश्य ४. पेशंट झोपलाय. बायको त्याच्या कपाळाला हात लावते, मग तळहाताला, मग पावलाला.

आवाज: ‘नुसतं कपाळ बघू नका. हात-पाय बघा. हात-पाय गार आणि ओलसर लागले, तर निघा. ताप गेला म्हणून गार लागतंय, असं समजू नका.’

दृश्य ५. इथे वरची ‘निघा’ची पाच वाक्यं. प्रत्येक वाक्याला एकच चित्र: पोट धरून बसलेला माणूस, बादली, रक्त लागलेला ब्रश, काळी संडास, झोपलेला पेशंट आणि त्याला हलवणारी बाई.

दृश्य ६. गोळीची पट्टी. डॉक्टरांचा कागद. स्क्रीनवर: ‘कागदावर लिहिलेली गोळी. दुसरी नाही.’

आवाज: ‘तापाला, अंगदुखीला फक्त ही लिहून दिलेली गोळी. मेडिकलमधून अंगदुखीची दुसरी गोळी आणू नका. दुखतंय म्हणून इंजेक्शन घेऊ नका.’

दृश्य ७. पुन्हा सिस्टर, पहिल्या दृश्यासारखीच.

आवाज: ‘परत सांगते. ताप उतरल्यावरचे दोन दिवस सगळ्यात जास्त जपायचे. काही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुठे जायचं ते या कागदावर लिहिलंय.’ ती कागद कॅमेऱ्यासमोर धरते.

एवढंच. यात डास नाही, पेशींचा आकडा नाही, ‘काळजी घ्या, निरोगी राहा’ नाही.

गोळीचा डोस व्हिडिओत का सांगितला नाही?

स्क्रिप्ट वाचून अनेकांना हे खटकेल. पॅरासिटामॉल किती, किती तासांनी, हे तर महत्त्वाचं. मग आवाजात का नाही?

कारण हा व्हिडिओ क्लिनिकमध्ये राहणार नाही. तासाभरात तो फॅमिली ग्रुपवर जाईल, तिथून भावकीच्या ग्रुपवर, तिथून सोसायटीच्या. आणि ज्याच्या घरात पाच वर्षांचं पोर तापाने फणफणलंय तो माणूसही तो बघेल. मोठ्या माणसाचा डोस त्याच्या कानावर पडला की तो पोराला तेवढीच गोळी देणार नाही याची खात्री कोण देईल? लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. म्हणून आकडा त्या पेशंटच्या कागदावर डॉक्टरने हाताने लिहायचा, व्हिडिओने फक्त कागदाकडे बोट दाखवायचं. पहिल्या दृश्यात ‘मोठ्या माणसांसाठी’ हे शब्द याचसाठी आहेत.

दुसऱ्या गोळीची भानगड जास्त मोठी आहे. डेंग्यूला जुन्या लोकांनी हाडमोड्या ताप म्हटलं ते उगाच नाही, अंग खरंच मोडून येतं. मग माणूस मेडिकलमध्ये जाऊन ‘अंगदुखीची द्या’ म्हणतो. मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असू शकतं. ही औषधं आणि ॲस्पिरिन डेंग्यूत टाळायची असतात, कारण पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. त्यात पुन्हा अशा अनेक गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉलही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. म्हणजे माणूस आधीच एक घेत असतो, वरून नकळत दुसरी घेतो, आणि भार लिव्हरवर येतो. डेंग्यूत लिव्हर तसंही सुजलेलं असू शकतं.

हे सगळं व्हिडिओत समजावून सांगायला गेलं तर मिनिट जाईल आणि औषधांची नावं कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. म्हणून ‘ही एक, दुसरी नाही’ एवढंच. हृदयविकारासाठी कुणी आधीपासून ॲस्पिरिन घेत असेल तर तो प्रश्न डॉक्टरने घरी सोडायच्या आधी सोडवायचा, व्हिडिओवर टाकायचा नाही.

पाणी पाजा म्हणजे काय पाजा?

वरच्या स्क्रिप्टमध्ये पिण्याचं दृश्य फक्त वहीच्या रकान्यापुरतं आलंय. ते थोडं वाढवावं लागतं, कारण इथे एक नवा घोळ तयार झालाय.

‘ओआरएस द्या’ असं ऐकून लोक दुकानातून छोटे रंगीत टेट्रापॅक आणत होते. नावात ओआरएस, पण आत साखर बरीच जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने ठरवलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, आणि सोबत मीठ, पोटॅशियम, सायट्रेट ठरलेल्या प्रमाणात. चव खारट-गोड लागते, सरबतासारखी नाही.

त्यामुळे व्हिडिओत ‘ओआरएस’ हा शब्द नुसता बोलून भागत नाही. पावडरचं पाकीट, एक लिटरची बाटली, आणि अख्खं पाकीट अख्ख्या बाटलीत रिकामं होताना दाखवावं लागतं. अर्धं पाकीट ग्लासात टाकून पिणारे लोक भरपूर आहेत. दुकानांत ग्लासभर पाण्याची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून कॅमेरा पाकिटावरच्या ‘एक लिटर’ या अक्षरांवर एक क्षण थांबला पाहिजे.

बाकी ताक, भाताची पेज, नारळपाणी, दूध, फळांचा रस हे सगळं चालतं. मोठ्या माणसाला दिवसात पाच ग्लासांपेक्षा जास्त, पण एकदम घटाघटा नाही, थोडं थोडं. नुसतं साधं पाणीच पाजत राहिलं तर अंगातले क्षार कमी पडू शकतात. बीट, डाळिंब, लाल ड्रॅगन फ्रूट मात्र या दिवसांत नको. त्यात विष वगैरे काही नाही. पण उलटी किंवा संडास लालसर दिसली की रक्त आहे की बीट, हे रात्री बारा वाजता कळत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, ती चालू असेल तर डॉक्टरला आधीच सांगायची.

आणि पपईच्या पानांचा रस? व्हिडिओत त्याबद्दल एकही शब्द नको. विरोध केला तर घरातल्या मोठ्या माणसांशी वाद, पाठिंबा दिला तर सगळं लक्ष त्या रसावर आणि पेशींच्या आकड्यावर. सिस्टरकडे तीन मिनिटं आहेत, त्यातली दहा सेकंदं पपईला देणं परवडत नाही.

पेशींचं वेड

पेशींचा विषय मुद्दाम बाजूला ठेवलाय. आपल्याकडे प्लेटलेटला सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, पण रिपोर्ट हातात आला की घरचे एकच आकडा शोधतात. तो ६० हजार दिसला की रडारड, ९० हजार झाला की पेढे.

पेशंट शॉककडे चाललाय की नाही हे कळायला रिपोर्टमध्ये दुसरा एक आकडा जास्त कामाचा असतो, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट. रक्त किती घट्ट झालंय ते तो सांगतो. प्लेटलेट खाली येत असताना हा आकडा वर चढायला लागला की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय हे डॉक्टरला समजतं. पण हे डॉक्टरचं काम. घरच्यांना व्हिडिओने एवढंच सांगायचं की उद्या रक्त तपासायला या, रिपोर्ट आम्हाला दाखवा. पेशी चांगल्या आल्या म्हणून पोटदुखीकडे दुर्लक्ष करणारे लोक पुष्कळ सापडतील.

चित्रं साधी का?

१९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. जखमेला टाके घालून घरी सोडलेल्या इमर्जन्सीतल्या पेशंटपैकी काहींना नुसता लिखित सूचनांचा कागद दिला आणि काहींना त्याच सूचना व्यंगचित्रांसकट दिल्या. नंतर प्रश्न विचारले. चित्रवाल्या गटात ४६ टक्के लोकांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, नुसत्या अक्षरवाल्या गटात ६ टक्के लोकांनी.

पण म्हणून चित्रं टाकली की काम झालं असं होत नाही. चित्र चुकीचंही वाचलं जातं. गोळीवर लाल फुली मारली की काही लोकांना ती औषधाच्या दुकानाची खूण वाटते. सूर्य आणि चंद्र दाखवले तर चंद्र म्हणजे झोपताना की मध्यरात्री, यावर दोन मतं पडतात. ‘काळी संडास’ दाखवायला कमोडचं कार्टून काढलं तर लोक हसतात आणि रंग बघायचं विसरतात. त्यापेक्षा रस्त्यावरच्या ओल्या डांबराचा फोटो दाखवून ‘अशी’ म्हटलं की पुरतं.

चित्रात हलणारी वस्तू एका वेळी एकच असावी, आणि आवाज जे बोलतोय तेच चित्रात असावं. क्लिनिकमध्ये टीव्हीचा आवाज बऱ्याचदा बंद असतो आणि घरी आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येक दृश्याला तीन-चार शब्दांची मोठी ओळ हवी. आवाज बंद करून बघितला तरी ‘सहा तास लघवी नाही, निघा’ हे कळलंच पाहिजे. मागे संगीत नको. पार्श्वसंगीत लागलं की लोकांना जाहिरात वाटते.

डॉक्टरांना साधारणपणे व्हिडिओत आणखी भर घालायची असते. बरं होताना अंगावर लालसर पुरळ येतं, खाज सुटते, ते सांगू या. थकवा पंधरा दिवस राहतो, तेही सांगू या. सगळं खरं आहे. पण प्रत्येक नवी सूचना आधीच्या एका सूचनेला डोक्यातून बाहेर ढकलते. डॉक्टरने सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, असं या विषयावरच्या एका बरंच उद्धृत होणाऱ्या लेखात म्हटलंय. खाजेचं पुरळ दुसऱ्या भेटीत सांगता येतं. गार हातपाय दुसऱ्या भेटीपर्यंत थांबत नाहीत.

व्हिडिओ संपल्यावरचे तीन प्रश्न

व्हिडिओ दाखवून ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. आपल्याकडे डॉक्टरला ‘नाही समजलं’ म्हणणं उद्धटपणा वाटतो. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. वैद्यकीय भाषेत याला टीच-बॅक म्हणतात, म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायला लावणं.

सिस्टर विचारते, ‘वहिनी, उद्या दादांचा ताप उतरला. मग काय करायचं?’ उत्तर ‘मग काळजी नाही’ असं आलं तर व्हिडिओ पुन्हा दाखवायचा. दुसरा प्रश्न, ‘सकाळी आठला लघवी झाली, दुपारचे अडीच वाजले, अजून नाही. काय कराल?’ तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, ‘रात्री दोन वाजता पोट दुखायला लागलं. कुठे जाल? कसं जाल?’

या तिसऱ्या प्रश्नावर घरचेच काय, क्लिनिकही अडखळतं. क्लिनिक रात्री नऊला बंद होतं. डॉक्टरचा फोन लागेलच असं नाही. मग सगळ्या ‘निघा’ला अर्थ काय उरतो? म्हणून व्हिडिओ बनवायच्या आधीच क्लिनिकने ठरवलेलं असलं पाहिजे की रात्री पेशंट कुठल्या दवाखान्यात पाठवायचा: ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय की जवळचं खासगी हॉस्पिटल. तिथे रात्री डॉक्टर असतो का, हे विचारून घ्यायचं. ते नाव, तिथला नंबर आणि १०८ ॲम्ब्युलन्सचा नंबर कागदावर छापील नको, पेशंटसमोर पेनाने लिहायचा. लिहिताना बघितलेला कागद लोक जपून ठेवतात.

वरच्या उदाहरणातल्या ड्रायव्हरकडे परत बघा. शनिवारी तो गाडी घेऊन निघाला तेव्हा ‘गाडी चालवू देऊ नका’ हे वाक्य त्याच्या बायकोने ऐकलेलं असतं तर तो घरी असता. दुपारी तिसऱ्या उलटीला ‘पित्त असेल’ या बोलण्याच्या जागी ‘तीन झाल्या’ हे आलं असतं. वहीच्या कागदावर सकाळनंतर लघवीची वेळ नाही, हेही तेव्हाच दिसलं असतं. म्हणजे हातपाय गार पडायच्या सात-आठ तास आधी तो सलाईनखाली असता.

कुणाला हा व्हिडिओ दाखवून घरी सोडायचंच नाही

व्हिडिओ चांगला झाला की त्याचा एक तोटा होतो. कॉट रिकामी करायची घाई असलेल्या क्लिनिकला वाटतं, आता सगळ्यांनाच दाखवून सोडता येईल. तसं नाही. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा किडनीचा पेशंट, एकटा राहणारा, आणि जिथून हॉस्पिटलला पोहोचायला दोन-तीन तास लागतात अशा वाडी-वस्तीवरचा माणूस, यांना लक्षणं दिसली नाहीत तरी दाखल करण्याचा विचार डॉक्टरने करायचा असतो. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्याला ‘भरपूर प्या’ हा सल्लाही तसाच लागू होत नाही. आणि ज्याच्यात वर सांगितलेलं एखादं लक्षण क्लिनिकमध्येच दिसतंय, त्याच्यासाठी घरी जायचा व्हिडिओ नाही, ॲम्ब्युलन्स आहे.

लक्ष ठेवणं थांबवायचं कधी, हेही कागदावर एका ओळीत हवं, नाहीतर घरचे एक तर लगेच सोडून देतात किंवा महिनाभर घाबरून राहतात. तापाच्या गोळीशिवाय ताप जाऊन ४८ तास झाले, भूक लागायला लागली, लघवी नेहमीसारखी होतेय आणि डॉक्टरने शेवटचा रिपोर्ट बघून ‘ठीक आहे’ म्हटलं, की रात्रीची राखण संपली. तोपर्यंत, आणि विशेषतः ताप असलेल्या दिवसांत, पेशंटने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायचं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि याला चावून तो त्याच घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो. डासाचं एवढं एकच वाक्य व्हिडिओत घालायचं असेल तर शेवटच्या दृश्यानंतर घाला, आधी नको.